एका छोट्या एसीसाठी जनरेटर किती क्षमतेचा घ्यावा आणि तो सुरक्षितपणे कसा चालवावा

एक टनाच्या एसीला चालताना साधारण बाराशे वॅट लागतात, म्हणून दोन हजार वॅटचा जनरेटर त्याला आरामात पुरेल, हा हिशोब कागदावर बरोबर दिसतो आणि प्रत्यक्षात बहुतेक वेळा फसतो. मी स्वतः पहिल्यांदा हाच हिशोब केला होता. एसीचा पंखा व्यवस्थित सुरू झाला, पण कॉम्प्रेसर लागण्याची वेळ आली तेव्हा खोलीतला दिवा मंद झाला, जनरेटरचा आवाज एकदम जड झाला आणि एसीच्या आतून घुमल्यासारखा दबका आवाज येऊ लागला. सात-आठ सेकंदांनी आतून ‘टक’ असा आवाज झाला आणि कॉम्प्रेसर गप्प झाला. काही मिनिटांनी हाच प्रकार पुन्हा घडला. पंखा चालू होता, हवा येत होती, पण ती थंड नव्हती. त्या घुमण्याचा आणि त्या ‘टक’चा अर्थ समजला की जनरेटर निवडण्याचा बराचसा प्रश्न सुटतो, म्हणून आधी त्याबद्दल लिहितो.

हा लेख साध्या, म्हणजे एकाच वेगाने चालणाऱ्या कॉम्प्रेसरच्या एका खिडकी एसीसाठी किंवा लहान स्प्लिट एसीसाठी आणि पेट्रोलवर चालणाऱ्या, हलवता येण्याजोग्या जनरेटरसाठी आहे. आकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ धरून दिले आहेत. तुमच्याकडचे व्होल्टेज वेगळे असेल तर पद्धत हीच राहते, फक्त आकडे तुमच्या यंत्रावरच्या पाटीवरून घ्यावे लागतात. इन्व्हर्टर एसीचा प्रश्न बराच निराळा आहे, त्याचा उल्लेख पुढे केला आहे.

सुरुवातीचा झटका म्हणजे काय

फिरणारी मोटर आपल्या फिरण्यातूनच एक उलट व्होल्टेज तयार करत असते आणि हे उलट व्होल्टेज बाहेरून येणाऱ्या करंटला अडवून धरते. मोटर थांबलेली असते तेव्हा हा अडथळा नसतो. त्यामुळे स्विच लागल्याच्या पहिल्या क्षणी मोटरची गुंडाळी जितका करंट ओढू शकते तितका ओढते आणि मोटर वेग घेईपर्यंत तो चढाच राहतो. लहान एसीच्या कॉम्प्रेसरमध्ये हा सुरुवातीचा करंट चालू करंटच्या साधारण चार ते सहा पट असतो. वीजपुरवठा दमदार असेल तर हे सगळे अर्ध्या सेकंदाच्याही आत आटोपते आणि म्हणूनच घरच्या विजेवर आपल्याला दिवा क्षणभर लवल्यापलीकडे काही जाणवत नाही.

जनरेटरवर मात्र याच अर्ध्या सेकंदात सगळे ठरते. जनरेटर इतका करंट देऊ शकला नाही तर त्याचे व्होल्टेज खाली येते, आणि मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. व्होल्टेज ८० टक्क्यांवर आले तर जोर ६४ टक्के उरतो आणि ७० टक्क्यांवर आले तर जेमतेम निम्मा. जोर कमी पडला की मोटर वेग घ्यायला जास्त वेळ लावते आणि तेवढा वेळ ती जास्तीचा करंट ओढत राहते. जोर फारच कमी असेल तर ती फिरतच नाही आणि जागीच घुमत बसते.

हे घुमणे निरुपद्रवी नसते. गुंडाळीत निर्माण होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे पाचपट करंटला पंचवीसपट उष्णता. कॉम्प्रेसरला जोडलेला ओव्हरलोड संरक्षक ही उष्णता ओळखून काही सेकंदांत वीज तोडतो, आणि तोच तो ‘टक’ आवाज. तो थंड झाला की पुन्हा वीज जोडतो आणि मोटर पुन्हा घुमते. हा संरक्षक अधूनमधून येणाऱ्या अडचणीसाठी बसवलेला असतो. रात्रभर दर काही मिनिटांनी त्याला काम करायला लावले तर गुंडाळीवरचे इन्सुलेशन हळूहळू करपत जाते. पुढे कधीतरी चांगल्या विजेवरही कॉम्प्रेसर जळतो आणि त्याचे खरे कारण कोणाच्या लक्षात येत नाही.

पहिली पायरी: एसीवरचे दोन आकडे शोधणे

पहिला आकडा चालू करंटचा. तो एसीच्या पाटीवर अँपिअरमध्ये असतो. खिडकी एसीची पाटी सहसा बाजूला किंवा पुढची जाळी काढल्यावर दिसते, तर स्प्लिट एसीची बाहेरच्या युनिटवर असते. पाटीवर रेटेड आणि मॅक्सिमम असे दोन करंट दिलेले असतील तर मॅक्सिमम धरावा, कारण रेटेड आकडा साधारणपणे बाहेर ३५ अंश सेल्सिअस तापमान असताना मोजलेला असतो आणि त्याहून कडक उन्हात तोच एसी जास्त करंट घेतो.

दुसरा आकडा सुरुवातीच्या करंटचा. पाटीवर तो एलआरए या तीन अक्षरांपुढे लिहिलेला असतो. पुष्कळदा तो एसीच्या मुख्य पाटीवर नसतो आणि खुद्द कॉम्प्रेसरच्या काळ्या डब्यावर चिकटवलेल्या कागदावर सापडतो. तो वाचण्यासाठी युनिट उघडावे लागत असेल तर ते काम तंत्रज्ञाकडून करून घ्यावे, कारण प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये धक्का देण्याइतकी वीज साठलेली असू शकते. आकडा मिळालाच नाही तर चालू करंटची सहापट धरावी. हा अंदाज बहुधा गरजेपेक्षा थोडा जास्तच निघतो, आणि इथे जास्त निघालेला अंदाजच बरा.

करंट मोजून पाहायचा असेल तर सुरुवातीचा करंट पकडण्याची खास सोय असलेला क्लॅम्प मीटरच वापरावा. साधा क्लॅम्प मीटर किंवा प्लगमध्ये लावायचा वॅट मीटर इतका क्षणिक झटका पकडू शकत नाही. त्यावर दिसलेला लहानसा आकडा पाहून ‘आमच्या एसीला झटका नाहीच’ असा समज करून घेतलेले लोक मी पाहिले आहेत.

दुसरी पायरी: जनरेटरवरचे आकडे वाचणे

जनरेटरच्या खोक्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत जो आकडा असतो तो बहुतेक वेळा मॅक्सिमम क्षमतेचा असतो, म्हणजे यंत्र थोडाच वेळ पेलू शकेल असा. आपल्याला हवा तो रेटेड आकडा, म्हणजे सतत देता येईल अशी क्षमता. हे दोन आकडे एकाच प्रकारचे समजू नयेत. मॅक्सिमम क्षमता म्हणजे कॉम्प्रेसरचा झटका पेलण्याची क्षमता, असेही गृहीत धरू नये. पुष्कळ यंत्रांत ती रेटेडच्या दहा टक्केच वर असते आणि कॉम्प्रेसर तर चार-पाच पट मागतो.

वॅट आणि व्हीए, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, यांचा घोळ टाळण्याचा सोपा उपाय म्हणजे सगळी तुलना अँपिअरमध्ये करणे. थांबलेली मोटर जो करंट ओढते त्यातला काही भाग प्रत्यक्ष काम करत नाही, पण जनरेटरच्या गुंडाळीला आणि तिच्या संरक्षणाला पूर्ण करंटच सोसावा लागतो. म्हणून रेटेड व्हीएला व्होल्टेजने भागावे आणि येणारा करंट धरून पुढे जावे. पाटीवर फक्त किलोवॅट असतील तर करंटचा आकडा शेजारी दिला आहे का ते पाहावे, तो बहुधा असतोच.

यानंतर जनरेटर कोणत्या जातीचा आहे हे पाहायचे, आणि माझ्या मते संपूर्ण निवडीतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

साध्या जनरेटरमध्ये इंजिन आणि वीज तयार करणारी गुंडाळी थेट एकमेकांना जोडलेली असतात आणि ५० हर्ट्झसाठी इंजिन सतत मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या आसपास फिरत राहते. तो आवाज जास्त करतो आणि पेट्रोलही जास्त पितो, पण जड चाक फिरत असल्यामुळे त्याच्यात क्षणभराचा दम असतो. झटका आला की तो व्होल्टेज सोडतो, इंजिन थोडे दबते, पण करंट देणे चालू ठेवतो. चांगल्या प्रतीचा साधा जनरेटर क्षणभरासाठी रेटेडच्या दुपटीच्या आसपास करंट देऊ शकतो. व्होल्टेज अर्थातच त्या वेळी पडलेले असते.

इन्व्हर्टर जनरेटरमध्ये इंजिनाची वीज आधी इलेक्ट्रॉनिक भागात जाते आणि तिथून स्वच्छ, स्थिर रूपात बाहेर येते. तो शांत असतो, कमी भारावर इंजिनाचा वेग कमी करून इंधन वाचवतो आणि नाजूक उपकरणांसाठी उत्तम असतो. मात्र त्यातील इलेक्ट्रॉनिक भाग स्वतःला वाचवण्यासाठी ठरलेल्या मर्यादेवर करंट कापतो. मर्यादा ओलांडली की क्षणार्धात लाल दिवा लागतो आणि वीज बंद होते. इंजिन मात्र चालूच राहते, त्यामुळे नवख्या माणसाला आधी एसीच बिघडला असे वाटते. एकाच रेटेड क्षमतेचे दोन जनरेटर शेजारी ठेवले तर साधा जनरेटर जो कॉम्प्रेसर कण्हत का होईना उचलेल, तोच इन्व्हर्टर जनरेटर उचलणार नाही, हे पुष्कळदा घडते.

तिसरी पायरी: एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू

समजा एक टनाचा खिडकी एसी आहे. पाटीवर चालू करंट ५.२ अँपिअर आहे आणि कॉम्प्रेसरवरच्या कागदावर सुरुवातीचा करंट २४ अँपिअर लिहिला आहे. चालताना तो २३० गुणिले ५.२, म्हणजे साधारण १२०० व्हीए घेतो. पूर्ण व्होल्टेजवर सुरुवातीची मागणी २३० गुणिले २४, म्हणजे ५५२० व्हीए होते.

हा दुसरा आकडा पाहून साडेपाच केव्हीएचाच जनरेटर घ्यावा असे वाटेल, पण तशी गरज नाही. व्होल्टेज पडले की थांबलेल्या मोटरचा करंटही जवळपास त्याच प्रमाणात उतरतो. झटक्याच्या वेळी व्होल्टेज ७५ टक्क्यांवर, म्हणजे १७२ वर आले असे धरू. मग करंट १८ अँपिअर होतो आणि मागणी सुमारे ३१०० व्हीए. मोटरचा जोर मात्र त्या वेळी ५६ टक्के उरलेला असतो. एसी बंद होऊन गॅसचा दाब दोन्ही बाजूंना सारखा झालेला असेल तर सुस्थितीतला कॉम्प्रेसर एवढ्या जोरावर सहसा उचलतो. दाब सारखा झालेला नसेल तर तो उचलत नाही, आणि म्हणून पुढे सांगितलेली तीन मिनिटांची थांबण्याची सवय इतकी आवश्यक आहे.

यावरून साध्या जनरेटरसाठी मी असा नियम धरतो की त्याचा रेटेड करंट कॉम्प्रेसरच्या सुरुवातीच्या करंटच्या निम्म्याहून कमी नसावा. इथे २४ चे निम्मे १२ अँपिअर, म्हणजे २३० व्होल्टवर सुमारे २८०० व्हीए. तीन केव्हीएचा जनरेटर १३ अँपिअर देतो, तेव्हा तो बसतो असे दिसते.

आता जागेचा विचार करायचा. पेट्रोल इंजिनाचा दम उंचीबरोबर कमी होतो, कारण हवा विरळ होते. ही घट दर ३०० मीटरला साधारण साडेतीन टक्के असते. आपण ६०० मीटर उंचीवर असू तर सात टक्के गेले, शिवाय कडक उन्हात गरम हवेमुळे आणखी काही टक्के जातात. तीन केव्हीएचे प्रत्यक्षात २.७ च्या आसपास उरतात, म्हणजे ११.७ अँपिअर. आपली किमान मर्यादा १२ होती. अशा काठावरच्या परिस्थितीत मी साडेतीन केव्हीए रेटेडचा साधा जनरेटर निवडेन. चालू भार त्यावर जेमतेम एक तृतीयांश असेल, तेव्हा एखादा दिवा, पंखा आणि मोबाईलचा चार्जर त्यावर निर्धास्त चालेल. त्याहून खूप मोठा, सहा-सात केव्हीएचा घेतल्यास काही बिघडत नाही, पण बाराशे वॅटच्या कामासाठी मोठे इंजिन रात्रभर पळवण्याचे पेट्रोल मात्र जळत राहते.

हाच एसी इन्व्हर्टर जनरेटरवर चालवायचा असेल तर निम्म्याचा नियम लागू करू नये. त्याच्या माहितीपुस्तकात थोड्या वेळासाठी किती अँपिअर मिळतात हे पाहावे आणि तो आकडा २४ च्या जवळ नसेल तर तो एसी त्यावर थेट सुरू होईल अशी अपेक्षा ठेवू नये. दोन केव्हीएचा इन्व्हर्टर जनरेटर नऊ-दहा अँपिअरवरच हात वर करतो.

अशा वेळी सॉफ्ट स्टार्टर नावाचे उपकरण उपयोगी पडते. ते कॉम्प्रेसरच्या वायरिंगमध्ये बसवतात आणि ते व्होल्टेज एकदम न देता हळूहळू वाढवत नेते, त्यामुळे सुरुवातीचा करंट निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. आपल्या उदाहरणात तो दहा-बारा अँपिअरपर्यंत उतरला तर तीन केव्हीएचा इन्व्हर्टर जनरेटर पुरतो, पण दोन केव्हीएचा तरीही काठावरच राहतो. सॉफ्ट स्टार्टर आणि हार्ड स्टार्ट किट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नये. हार्ड स्टार्ट किटमध्ये जादा कपॅसिटर असतो आणि तो मोटरला सुरुवातीचा जोर वाढवून देतो. मोटर लवकर वेग घेते, झटक्याचा कालावधी घटतो, पण पहिल्या क्षणाचा करंट फारसा उतरत नाही. साध्या जनरेटरवर अडखळणाऱ्या कॉम्प्रेसरला त्याचा उपयोग होतो, तर करंटची मर्यादा कापणाऱ्या इन्व्हर्टर जनरेटरवर त्याने प्रश्न सुटत नाही. यांपैकी काहीही बसवणे हे तंत्रज्ञाचे काम आहे.

एसीच इन्व्हर्टर पद्धतीचा असेल तर त्याचा कॉम्प्रेसर कमी वेगाने सुरू होऊन वेग वाढवत जातो, त्यामुळे हा झटका जवळपास नसतोच. तिथे पाटीवरचा मॅक्सिमम करंट पाहून त्यावर तीस टक्के मोकळीक ठेवली की पुरते. नवीन एसी घ्यायचाच असेल आणि तो जनरेटरवर चालवावा लागणार हे आधीच ठाऊक असेल, तर मी इन्व्हर्टर एसीच घ्यायला सांगतो. त्यामुळे जनरेटर लहान चालतो आणि रोजच्या वापरातली एक मोठी कटकट मुळातच जाते.

चौथी पायरी: वायर

जनरेटर घरापासून दूर ठेवायचा असल्याने लांब एक्स्टेंशन वायर लागते आणि नेमक्या झटक्याच्या वेळी तीच व्होल्टेज खाते. २० मीटर लांबीची, २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर धरली तर जाण्यायेण्याचा मिळून रोध सुमारे ०.३२ ओहम होतो आणि २४ अँपिअरला साधारण ८ व्होल्ट वायरमध्येच पडतात. तीच वायर १ चौरस मिलिमीटरची असेल तर जवळपास १९ व्होल्ट पडतात. जनरेटरने आधीच सोडलेल्या व्होल्टेजमध्ये ही घट मिळवली की जो कॉम्प्रेसर उचलणार होता तोही घुमत बसतो. म्हणून तीन तारांची, किमान २.५ चौरस मिलिमीटरची, अखंड एकच वायर वापरावी. दोन-तीन छोट्या वायरी एकमेकींत खोचून लांबी वाढवू नये. रीळावरची वायर पूर्ण सोडून मगच भार द्यावा, कारण गुंडाळलेली वायर आतल्या आत तापते. दहा मिनिटे एसी चालल्यावर प्लगला हात लावून पाहावा. तो चांगलाच गरम लागला तर सांधा सैल आहे किंवा वायर लहान आहे.

जनरेटरची वीज घरातल्या भिंतीवरच्या सॉकेटमधून उलटी आत सोडण्याचा उपाय कोणी सुचवला तर तो कधीही करू नये. ती वीज बाहेरच्या तारांपर्यंत पोहोचते आणि लाईन बंद आहे असे समजून खांबावर काम करणारा माणूस तिने मरू शकतो. एसीचा प्लग थेट एक्स्टेंशनला लावावा. घराच्या वायरिंगमधूनच चालवायचे असेल तर इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा. अर्थिंग कसे करायचे हे प्रत्येक जनरेटरच्या रचनेवर अवलंबून असते, म्हणून ते त्याच्या माहितीपुस्तकाप्रमाणेच करावे.

पाचवी पायरी: जनरेटर कुठे ठेवायचा

एसी लावायचा म्हणजे माणसे दारे-खिडक्या बंद करून झोपणार. याच कारणाने एसीसाठी चालवलेला जनरेटर हा दिव्यासाठी चालवलेल्या जनरेटरपेक्षा जास्त धोक्याचा असतो. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. या वायूला ना रंग ना वास, आणि झोपेत तो जीव घेतो. जनरेटर उघड्यावर, दारे-खिडक्यांपासून किमान ६ मीटर दूर आणि धुराचे तोंड घराच्या विरुद्ध दिशेला करून ठेवावा. बाल्कनी, जिना, गॅरेज, पडवी यांपैकी काहीही चालत नाही, मग त्याचे दार सताड उघडे ठेवले तरी.

खिडकी एसीबाबत एक बारीक गोष्ट सांगायलाच हवी. पुष्कळ खिडकी एसींमध्ये बाहेरची हवा आत घेण्यासाठी एक छोटी झडप असते आणि तिची कळ पुढच्या पॅनेलवर असते. जनरेटर चालू असताना ती झडप बंद आहे याची खात्री करावी, आणि एसीच्या चौकटीभोवतीच्या फटीही बुजवाव्यात. झोपण्याच्या खोलीत बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावल्याशिवाय रात्री जनरेटर चालवू नये. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे यांपैकी काहीही एकाहून अधिक माणसांना एकाच वेळी जाणवू लागले तर कारण शोधत बसू नये. सगळ्यांना ताबडतोब मोकळ्या हवेत न्यावे आणि वैद्यकीय मदत बोलवावी.

जनरेटर पावसात भिजू देऊ नये. पेट्रोल भरताना तो बंद करून थंड होऊ द्यावा, कारण तापलेल्या सायलेन्सरवर सांडलेले पेट्रोल पेट घेते.

सहावी पायरी: सुरू करण्याचा क्रम

जनरेटर भाराशिवाय सुरू करून तीन ते पाच मिनिटे चालू द्यावा, म्हणजे चोक पूर्ण उघडतो आणि इंजिनाचा आवाज एकसारखा होतो. इन्व्हर्टर जनरेटरवर इंधन वाचवणारी इको सोय असेल तर ती बंद करावी. ती चालू असताना इंजिन कमी वेगावर विसावलेले असते आणि झटका येईपर्यंत त्याला वेग घ्यायला सवडच मिळत नाही. कॉम्प्रेसर नीट चालू लागल्यावर ती लावून पाहता येते, पण तो थर्मोस्टॅटने बंद होऊन पुन्हा लागताना जनरेटर बसत असेल तर ती बंदच ठेवावी.

नंतर एसी फक्त पंख्यावर लावावा आणि अर्धा मिनिट थांबावे. मग थंड हवेवर आणावा. या क्षणी फ्रीज किंवा पाण्याचा पंप यांसारखी दुसरी कोणतीही मोटर जनरेटरवर नसावी. एसी नुकताच बंद केलेला असेल तर पुन्हा लावण्याआधी तीन ते पाच मिनिटे थांबावे, म्हणजे गॅसचा दाब समान होतो. नव्या एसींमध्ये ही वाट पाहण्याची सोय आत असते. जुन्या, गोल बटणाच्या एसीत ती आपल्याला घड्याळ पाहूनच पाळावी लागते.

झटका हा एकदाच येतो असे नाही. थर्मोस्टॅट जितक्या वेळा कॉम्प्रेसर बंद करून पुन्हा लावतो तितक्या वेळा तो येतो. संध्याकाळी व्यवस्थित चालू झालेला एसी मध्यरात्री बंद पडतो, त्याचे कारण बहुधा हेच असते: तेव्हा फ्रीजही चालू असतो किंवा मधल्या काळात कोणीतरी आणखी काही जोडलेले असते. जनरेटर काठावरचा असेल तर थर्मोस्टॅट थोडा खाली ठेवावा, म्हणजे कॉम्प्रेसर वारंवार बंद-चालू न होता सलग चालतो आणि झटक्यांची संख्या कमी होते.

काय ऐकायचे, काय पाहायचे

कॉम्प्रेसर लागताना दिवा एकदा लवला, इंजिन क्षणभर दबून लगेच सावरले, आणि पुढे आवाज एकसारखा राहिला तर सगळे ठीक आहे. दिवा एक-दोन सेकंद मंद राहून मग सावरत असेल तर कॉम्प्रेसर कसाबसा उचलतो आहे. आज चालेल, पण अधिक उष्ण दुपारी, जेव्हा दाब जास्त असतो, तेव्हा अडेल. तीन सेकंदांहून जास्त घुमणे ऐकू आले तर ओव्हरलोडच्या ‘टक’ची वाट पाहू नये, एसी लगेच बंद करावा.

कॉम्प्रेसर चालू असताना एकदा एक्स्टेंशनच्या टोकाशी, एसीजवळ, व्होल्टेज मोजून पाहावे. ते २०७ ते २५३ च्या दरम्यान असावे. २०७ च्या खाली राहत असेल तर आधी वायर जाड करून पाहावी, आणि तरीही वाढले नाही तर जनरेटरच लहान आहे असे समजावे. साध्या जनरेटरची वारंवारिता बिनभाराची ५२ आणि भारावर ५० हर्ट्झच्या आसपास असते. भारावर ती ४८ च्या खाली उतरत असेल तर इंजिन थकलेले आहे, त्याचे एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग पाहावेत.

पूर्वी चालणारा जोड अचानक अडू लागला तर जनरेटर मोठा करण्याआधी एसीचा रन कपॅसिटर तपासून घ्यावा. तो वर्षानुवर्षे उष्णतेत राहून कमजोर होतो आणि त्याची क्षमता उतरली की कॉम्प्रेसरचा सुरुवातीचा जोर उतरतो. घरच्या विजेवर हा दोष झाकलेला राहतो आणि जनरेटरवर आधी उघडा पडतो. स्वस्त भाग आहे आणि तंत्रज्ञाला तपासायला काही मिनिटे लागतात, तेव्हा ही शक्यता आधी संपवावी.

एका बैठकीत दोनपेक्षा जास्त वेळा प्रयत्न करू नये. पहिल्या वेळी कॉम्प्रेसर उचलला नाही तर पाच मिनिटे थांबून, बाकी सगळा भार काढून, एकदाच पुन्हा पाहावे. तेव्हाही घुमला तर त्या रात्री पंख्यावर भागवावे आणि दुसऱ्या दिवशी वायर, कपॅसिटर आणि जनरेटरचा करंट या क्रमाने तपासणी करावी.

बंद करताना आधी एसी थांबवावा, जनरेटर दोन-तीन मिनिटे मोकळा चालू द्यावा आणि मग बंद करावा. पेट्रोल संपून जनरेटर आपोआप बंद पडण्याची वाट पाहू नये, कारण शेवटचे काही क्षण इंजिन आचके देते, व्होल्टेज खालीवर होते आणि कॉम्प्रेसर त्यातच अडकतो. रात्रभर चालवायचे असेल तर टाकी किती तास पुरते हे दिवसा, एसी चालू ठेवून, एकदा प्रत्यक्ष मोजावे आणि त्याच्या अर्धा तास आधीचा गजर लावून झोपावे.